रॅन्समवेअर हल्ल्याचा अहवाल: ‘कधी कळलं?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं

रॅन्समवेअरचा हल्ला झाला की आयटी विभागाकडून व्यवस्थापनाला बहुतेक वेळा चार ओळींचा मजकूर जातो. ‘शनिवारी सकाळी हल्ला लक्षात आला. काही सर्व्हर बाधित झाले. तातडीने उपाययोजना केली. परिस्थिती नियंत्रणात आहे.’ या चारही ओळी खऱ्या असू शकतात. तरीही त्या वाचून संचालकांना एकही निर्णय घेता येत नाही. कोणता बॅकअप वापरायचा, ग्राहकांना काय कळवायचं, सोमवारी काम सुरू करायचं की नाही, यातलं काहीच त्या ओळींवरून ठरत नाही.

व्यवस्थापनाला उपयोगी पडेल असा अहवाल लिहायचा, तर या चार ओळी एकेक करून उलगडाव्या लागतात. त्यासाठी मी एक उदाहरण घेतो. कंपनी कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक प्रसंग या कामात नेहमी दिसणारा आहे. कंपनीत १४ सर्व्हर आणि २४० संगणक आहेत. हल्ला महिन्याच्या १२ तारखेला, शनिवारी पहाटे झाला.

आधी एक व्याख्या. रॅन्समवेअर हा फायलींना कुलूप लावणारा प्रोग्राम असतो. फायली जागेवरच राहतात, पण किल्लीशिवाय त्या वाचता येत नाहीत, आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाते. या कुलूप लावण्याला एन्क्रिप्शन म्हणतात. मात्र कुलूप लावणं हा हल्ल्याचा शेवटचा अंक असतो. त्याआधी चोर बहुधा अनेक दिवस घरात वावरलेला असतो, कपाटं उघडून पाहिलेली असतात, आणि बऱ्याचदा महत्त्वाची कागदपत्रं बाहेर नेलेली असतात. अहवाल फसतो तो बहुधा इथेच, कारण लिहिणारा फक्त शेवटच्या अंकाबद्दल लिहितो.

### ‘शनिवारी सकाळी लक्षात आला’ म्हणजे नक्की कधी?

आपल्या कंपनीत सकाळी ६:२० वाजता रात्रपाळीच्या एका कर्मचाऱ्याने हेल्पडेस्कला फोन केला की फायली उघडत नाहीत. ७:३५ ला सिस्टिम ॲडमिनने स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी पाहिली. बहुतेक अहवालांत ‘शोध लागल्याची वेळ’ म्हणून ७:३५ लिहिलं जातं, कारण तेव्हा अधिकृतपणे खात्री झाली. पण नोंदी तपासल्यावर वेगळंच दिसतं.

पहाटे २:१० ला अँटिव्हायरसने डोमेन कंट्रोलरवर पासवर्ड चोरण्याचं एक साधन चालल्याचा इशारा दिला होता. डोमेन कंट्रोलर म्हणजे कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारा सर्व्हर, इमारतीच्या सगळ्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कार्यालयासारखा. तो इशारा एका ईमेल खात्यात गेला. ते खातं रात्री कोणी पाहत नाही. त्याहून मागे गेलं, तर ३ तारखेला रात्री १०:१४ ला एका जुन्या कंत्राटदाराच्या नावावर अनोळखी पत्त्यावरून व्हीपीएनने कोणीतरी आत आलं होतं. व्हीपीएन म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये यायचा दरवाजा. कंत्राट संपलं होतं, खातं मात्र चालूच राहिलं होतं.

म्हणजे वेळा तीन आहेत. चोर आत आला ती ३ तारखेची रात्र. यंत्राला कळलं ती १२ तारखेची पहाट, २:१०. माणसाला कळलं ती सकाळ, ६:२०. अहवालात या तीनही वेळा वेगवेगळ्या लिहायला हव्यात, कारण प्रत्येक अंतर वेगळ्या दोषाकडे बोट दाखवतं. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेमध्ये आठ दिवस गेले. तिथे दरवाज्यावरची नजर कमी पडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेमध्ये ४ तास १० मिनिटं गेली. तिथे यंत्र कमी पडलं नाही, इशारा ऐकायला माणूस नव्हता. पहिल्या दोषावर खर्च करायचा की दुसऱ्यावर, हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे. ७:३५ ही एकच वेळ दिली, तर हा प्रश्न त्यांच्यापुढे येतच नाही.

हे कल्पित उदाहरणापुरतं नाही. आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर, म्हणजे एचएसईवर, १४ मे २०२१ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला. त्याचा स्वतंत्र तपास अहवाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर झाला. एका कर्मचाऱ्याने १८ मार्चला ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली, तिथून सुरुवात झाली होती. ३१ मार्चला त्याच संगणकावरच्या अँटिव्हायरसने हल्लेखोरांची साधनं ओळखली, पण तो फक्त नोंद करण्याच्या स्थितीत ठेवलेला होता, म्हणून त्याने काही अडवलं नाही. १३ मे रोजी सुरक्षा पुरवठादाराने ७ मेपासून किमान १६ यंत्रणांवर हाताळले न गेलेले इशारे असल्याचं कळवलं. १४ मेच्या पहाटे फायलींना कुलपं लागली. ‘१४ मे रोजी हल्ला झाला’ एवढंच वाचणाऱ्याला मधले आठ आठवडे दिसत नाहीत. तपास अहवालाने ते तारीखवार मांडले, म्हणून इतर संस्थांनाही त्यातून शिकता आलं.

### घड्याळं जुळत नसतील तर?

अहवाल लिहिताना सर्वांत जास्त चुका वेळेच्या बाबतीत होतात, आणि त्या निष्काळजीपणामुळे होतातच असं नाही. वेगवेगळी यंत्रं वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी माहिती तपासणारा फायरवॉल जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतो, सर्व्हर स्थानिक वेळेत, आणि अँटिव्हायरसचं पान भलत्याच देशाच्या वेळेवर लावलेलं असू शकतं.

आपल्या उदाहरणात अँटिव्हायरसच्या पानावर इशाऱ्याची वेळ ३:१० दिसत होती. पहिल्या फाइलला कुलूप लागलं २:४७ ला. या दोन वेळा जशाच्या तशा शेजारी ठेवल्या, तर निष्कर्ष निघतो की नुकसान सुरू झाल्यावर २३ मिनिटांनी अँटिव्हायरसला जाग आली, सबब तो बदलायला हवा. प्रत्यक्षात ते पान एक तास पुढे लावलेलं होतं. खरी वेळ २:१०, म्हणजे कुलपं लागायच्या ३७ मिनिटं आधी. एका सेटिंगमुळे अख्खा निष्कर्ष उलटा झाला असता.

म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर एक वाक्य हवं: ‘सर्व वेळा स्थानिक आहेत, प्रत्येक यंत्राच्या घड्याळाशी त्या पडताळल्या आहेत.’ आणि हे वाक्य लिहिण्याआधी ते काम खरंच केलेलं हवं.

पहिल्या फाइलची वेळ काढतानाही एक खड्डा आहे. कुलूप लागलेल्या फाइलवर ‘शेवटचा बदल’ म्हणून दिसणाऱ्या वेळेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण काही रॅन्समवेअर ती मुद्दाम जुनी करून ठेवतं. खंडणीची चिठ्ठी मात्र नव्याने बनते, आणि ती बहुधा प्रत्येक फोल्डरमध्ये टाकली जाते. सगळ्या चिठ्ठ्या तयार होण्याच्या वेळेनुसार लावल्या, की पहिली आणि शेवटची चिठ्ठी मिळून हल्ल्याची सुरुवात आणि शेवट बऱ्यापैकी सांगतात. आपल्याकडे पहिली चिठ्ठी २:४७ ची होती आणि शेवटची ८:१२ ची.

### ‘काही सर्व्हर बाधित’ म्हणजे किती?

इथे ‘बाधित’ हाच शब्द अडचणीचा आहे. त्याच्या पोटात वेगवेगळ्या अवस्था दडतात. काही यंत्रांच्या फायलींना कुलूप लागलेलं असतं. काहींना कुलूप लागलेलं नसतं, पण चोर तिथे जाऊन आलेला असतो, आणि मला विचाराल तर ही अवस्था जास्त धोक्याची आहे, कारण ती यंत्रं वरवर धडधाकट दिसतात आणि लोक ती पुन्हा वापरू लागतात. काही यंत्रं तपासून झालेली असतात आणि त्यांवर खूण सापडलेली नसते. उरलेली अजून तपासलेलीच नसतात.

आपल्या कंपनीत १४ पैकी ५ सर्व्हरवर फायली कुलूपबंद झाल्या. डोमेन कंट्रोलर आणि बॅकअप सर्व्हर या दोन ठिकाणी चोर पोहोचल्याच्या खुणा होत्या. ४ तपासून झाले, खूण नाही. ३ तपासायचे बाकी. २४० संगणकांपैकी ३१ कुलूपबंद, २ वर वावर, १६० तपासलेले, ४७ बाकी. या बेरजा जुळायलाच हव्यात. अहवालातले आकडे मिळून एकूण संख्या येत नसेल, तर काही यंत्रं कोणाच्याच नजरेत नाहीत असा त्याचा अर्थ होतो. आणि ते ४७ संगणक ‘सुरक्षित’ या सदरात टाकायचा मोह कितीही झाला, तरी ‘तपासलेले नाहीत’ असंच लिहायचं.

सावधगिरी म्हणून आपणच बंद केलेली यंत्रं हा आणखी वेगळा भाग. ती बंद आहेत, बिघडलेली नाहीत. ‘आज ९ सर्व्हर बंद’ आणि ‘५ सर्व्हरचं नुकसान’ ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळली, की नुकसान उगाच मोठं दिसतं.

यंत्राच्या नावापुढे त्यावर चालणारं कामही लिहायचं. `FS-02` वाचून संचालकांना काही कळत नाही. ‘बिलं आणि खरेदीच्या फायली, शेवटचा वापरता येणारा बॅकअप ११ तारखेच्या रात्रीचा, जोडणीबाहेर ठेवलेल्या डिस्कवर’ हे वाचून कळतं, आणि त्या बॅकअपनंतरचं काम पुन्हा करावं लागेल हा हिशेबही लागतो. मात्र कोणता बॅकअप वापरायचा याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: चोर कधी आला? ११ तारखेच्या बॅकअपमधल्या कागदपत्रांच्या फायली परत घेता येतील. अख्खा सर्व्हर त्या प्रतीवरून जसाच्या तसा उभा केला, तर ३ तारखेपासून आत असलेल्या चोराच्या चोरवाटाही त्याच्यासोबत परत येऊ शकतात. वेळेचा तो पहिला भाग इथे कामाला येतो.

### नुकसान दिसतं तिथेच हल्ला चालू असतो का?

बऱ्याचदा नाही. हे समजायला थोडा वेळ लागतो, पण अहवालाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे.

एखाद्या फाइल सर्व्हरवरचे फोल्डर अनेक संगणकांना खुले असतात. रॅन्समवेअर त्यांपैकी एकाच संगणकावर चालू असलं, तरी ते नेटवर्कवरून सर्व्हरच्या फायलींना कुलूप लावू शकतं. सर्व्हरवर तो प्रोग्राम कधीच चाललेला नसतो. शेजारच्या घरातून पाइप टाकून आपल्या घरात पाणी सोडावं, तसं हे आहे. आपलं घर कितीही उपसलं, तरी नळ दुसरीकडेच असतो.

आपल्या सिस्टिम ॲडमिनने ७:५० ला फाइल सर्व्हरची नेटवर्क केबल काढली. त्या सर्व्हरचं नुकसान थांबलं, पण इतर दोन सर्व्हरवर फायली कुलूपबंद होतच राहिल्या. मग त्यातल्या एका सर्व्हरवर, कोण कोणत्या फायली उघडून बसलंय, हे पाहिलं:

```
Get-SmbOpenFile | Select-Object ClientComputerName, ClientUserName, Path
```

शेकडो फायली एकाच संगणकाकडून उघडल्या जात होत्या. ८:१२ ला तो संगणक तोडला आणि शेवटची चिठ्ठी त्याच मिनिटाची निघाली. अहवालात म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या हव्यात: नुकसान कुठे झालं आणि ते कुठून केलं गेलं. पाचपैकी तीन सर्व्हरवर रॅन्समवेअर चाललंच नव्हतं. त्यांची दुरुस्ती सोपी आहे. आणि तो एक संगणक, ज्याच्या स्वतःच्या फायली शाबूत होत्या, तो पुराव्यासाठी जसाच्या तसा जपून ठेवायला हवा.

### ‘तातडीने उपाययोजना केली’ याऐवजी काय लिहायचं?

हल्ल्याचा फैलाव थोपवण्यासाठी जे जे केलं, त्यातल्या प्रत्येक कृतीबद्दल वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: ती किती वाजता केली, कशासाठी केली, आणि ती लागू पडली हे कशावरून कळलं. तिसरी गोष्ट अहवालांत हटकून गाळलेली असते.

८:०५ ला कंत्राटदाराचं खातं बंद केलं गेलं. कागदावर काम झालं. पण खातं बंद केल्याने आधीच आत बसलेला माणूस बाहेर पडतोच असं नाही. नवी किल्ली देणं थांबवलं, तरी आतल्याला कोणी हात धरून बाहेर काढलेलं नसतं. त्या खात्याचं व्हीपीएनवरचं सत्र ८:२५ पर्यंत, म्हणजे व्हीपीएनच पूर्ण बंद करेपर्यंत, जिवंत होतं. अहवालात ‘८:०५ ला खातं बंद, प्रवेश तुटला’ असं लिहिलं असतं, तर ती वीस मिनिटं कोणी तपासलीच नसती.

डोमेन कंट्रोलरबाबत तर जास्त काळजी लागते. तिथे `krbtgt` नावाचं एक अंतर्गत खातं असतं. सगळ्यांच्या प्रवेशपासांवर त्याचा शिक्का असतो. तो शिक्का चोराच्या हाती लागला, तर तो स्वतःच पास छापू शकतो. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड बदलतात, आणि तोही दोनदा, कारण यंत्रणा आधीचा पासवर्डही लक्षात ठेवते. नेहमीच्या सेटिंगमध्ये एक पास १० तास चालतो, त्यामुळे दोन बदलांमध्ये साधारण तेवढं अंतर ठेवतात, नाहीतर खऱ्या वापरकर्त्यांची कामंही अडतात. आपल्याकडे पहिला बदल ११:३० ला झाला. दुसरा बदल होईपर्यंत अहवालात ‘नियंत्रणात’ हा शब्द लिहायला मी तयार होणार नाही. ‘फैलाव थांबला आहे, प्रवेश पूर्ण तोडण्याचं काम चालू आहे’ हे बरोबर वाक्य आहे.

फसलेल्या कृतीही लिहायच्या. हेल्पडेस्कने ६:५० ला काही संगणक बंद करून पुन्हा सुरू केले. फाइल उघडत नसेल तर हेच करायचं, अशी त्यांना सूचना होती. त्यामुळे त्या संगणकांच्या मेमरीतले पुरावे गेले. हल्ल्यात यंत्र आधी नेटवर्कपासून तोडायचं आणि शक्य असेल तर चालू ठेवायचं. तोडता येत नसेल, तरच बंद करायचं. अहवालात फोन घेणाऱ्याचं नाव नको. ‘हेल्पडेस्कच्या लेखी सूचनांत हा प्रसंग नव्हता’ हे हवं, कारण दुरुस्त करायची आहे ती सूचना.

### मग माहिती चोरीला गेली की नाही?

व्यवस्थापन हा प्रश्न पहिल्या तासाभरात विचारतं, आणि घाईत चुकीचं उत्तर जातं तेही इथेच. ‘माहिती बाहेर गेल्याचा पुरावा नाही’ आणि ‘माहिती बाहेर गेलेली नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. नोंदी फक्त सात दिवस ठेवल्या जात असतील, तर आठव्या दिवसाबद्दल पुरावा मिळणारच नाही. तो मिळाला नाही, याला मग काही अर्थ उरत नाही.

आपल्या उदाहरणात फायरवॉलच्या नोंदीत ९ तारखेच्या रात्री फाइल सर्व्हरवरून एका अनोळखी पत्त्याकडे ३८ जीबी माहिती गेल्याचं दिसलं. त्यात कोणत्या फायली होत्या हे त्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून अहवालात तेवढंच येतं: किती माहिती, कधी, कुठून गेली, आणि त्या सर्व्हरवर कोणत्या प्रकारची माहिती ठेवलेली होती. ग्राहकांना आणि सरकारी यंत्रणांना काय व किती वेळात कळवायचं हे वकिलांनी ठरवायचं असतं, पण त्यांच्या हातात ही चार तथ्यं लागतात.

### एवढं उघड लिहिलं तर आपल्यावरच शेकणार नाही का?

ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. त्यावर उपाय म्हणजे तथ्य आणि अंदाज वेगळे ठेवणं, आणि कायद्याच्या सल्लागारांना पहिल्या दिवसापासून सोबत घेणं. ‘२:१० चा इशारा ज्या ईमेल खात्यात गेला, ते रात्री पाहिलं जात नव्हतं’ हे तथ्य आहे. ‘इशारा पाहिला असता तर हल्ला टळला असता’ हा अंदाज आहे. कुलपं लागायला ३७ मिनिटं होती, पण तेवढ्यात कोणी काय करू शकलं असतं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. पहिलं वाक्य लिहायचं, दुसरं नाही. खात्री कमी असेल तिथे तसा शब्द जोडायचा: ‘खात्रीशीर’, ‘शक्य’, ‘तपास चालू’.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ज्या ईमेल यंत्रणेवर चोराचा हात पोहोचला असू शकतो, तिच्यावरून हा अहवाल पाठवायचा नाही. आपण काय ओळखलं आणि काय अजून ओळखलेलं नाही, हे त्याच्याच हातात पडेल.

### सगळं कळेपर्यंत थांबायचं का?

नाही. पहिला अहवाल त्याच दिवशी जायला हवा, एका पानाचा, वर क्रमांक आणि वेळ घालून. आपल्या कंपनीचा पहिला अहवाल शनिवारी दुपारी एक वाजता असा गेला असता:

‘आवृत्ती १, शनिवार १२ तारीख, दुपारी १:००. बाहेरच्या व्यक्तीने ३ तारखेला रात्री १०:१४ ला जुन्या कंत्राटदाराच्या खात्यातून प्रवेश केला (खात्रीशीर, व्हीपीएनची नोंद). आज पहाटे २:१० ला अँटिव्हायरसने इशारा दिला. माणसाच्या लक्षात ६:२० ला आलं. २:४७ ते ८:१२ या वेळेत ५ सर्व्हर आणि ३१ संगणकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. आणखी २ सर्व्हर आणि २ संगणकांवर वावराच्या खुणा आहेत. ३ सर्व्हर आणि ४७ संगणक अजून तपासलेले नाहीत. बाहेरून येण्याचा मार्ग ८:२५ ला बंद केला. त्यानंतर नवी फाइल कुलूपबंद झालेली नाही. ९ तारखेला ३८ जीबी माहिती बाहेर गेली. त्यातला मजकूर अज्ञात. व्यवस्थापनाकडून आज हवा असलेला निर्णय: सोमवारी बिलांचं काम हाताने सुरू करायचं का. पुढची आवृत्ती रात्री ९:०० ला.’

रात्रीच्या आवृत्तीत काही आकडे बदलतील. ते बदलले की जुना आकडा खोडून टाकायचा नाही. ‘तपासायचे बाकी संगणक: ४७ होते, आता १९, तपासलेल्या २८ पैकी एकावर वावराची खूण सापडली’ असं दोन्ही लिहायचं. आणि त्या एका संगणकावर ती खूण ३ तारखेच्या आधीची निघाली, तर अहवालातली सर्वांत वरची ओळ बदलते आणि कोणता बॅकअप चालेल याचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.